चिंबोरी जिवंतच का घ्यायची, आणि कोळंबीच्या मानेत काय बघायचं

प्रश्न: आम्ही पुण्यात राहतो. गेल्या रविवारी अलिबागहून येताना सहा जिवंत चिंबोऱ्या आणि किलोभर कोळंबी आणली. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डिकीत ठेवली होती. घरी पोचलो तर दोन चिंबोऱ्या मेलेल्या. सासूबाईंनी त्या टाकायलाच लावल्या. नवरा म्हणतो, बांगडा आपण मेलेलाच आणतो ना, मग हिचंच काय एवढं? कोळंबी तर कधी जिवंत मिळतच नाही, ती कशी चालते? आणि घेताना नेमकं काय तपासायचं?

उत्तर:

सासूबाईंचं बरोबर आहे. पण यजमानांची शंकाही रास्त आहे, आणि तिचं उत्तर नीट कळलं की बाजारात काय तपासायचं ते वेगळं पाठ करावं लागत नाही. मी रायगडातल्या खाड्यांवरून चिंबोऱ्या गोळा करून हॉटेलांना आणि बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांना देतो. मेलेली चिंबोरी म्हणजे माझं सरळ नुकसान. त्यामुळे ती कशाने मरते आणि मेल्यावर तिचं काय होतं, हे बघण्यातच माझी सकाळ जाते.

चिंबोरीची पाठ उघडली की आत पिवळट-तपकिरी मऊ गर दिसतो. पुष्कळ लोक त्यालाच लाख म्हणतात, पण लाख वेगळी. ती गडद केशरी, घट्ट आणि फक्त मादीत असते. हा पिवळा गर नरातही असतो. आपल्यात यकृत आणि स्वादुपिंड जे काम करतात ते दोन्ही चिंबोरीत ही एकच ग्रंथी करते. मेलेला मासा, शिंपल्यातलं मांस, चिखलातलं मिळेल ते खाऊन पचवायला लागणारे जहाल पाचकरस याच गरात तयार होतात. चिंबोरी जिवंत असते तोवर हे रस आपापल्या नळ्यांत कोंडलेले असतात. मेली की त्या नळ्या सुटू लागतात आणि रस बाहेर झिरपतो. समोर बाहेरून खाल्लेलं मांस आहे की चिंबोरीचं स्वतःचं, हे त्या रसाला कळत नाही. अंगातलं मांस, म्हणजे पायांच्या मुळाशी पांढऱ्या कप्प्यांत असतं ते, या गराला अगदी लागून असतं. म्हणून मेलेली चिंबोरी आधी आतून पचायला लागते, कुजण्याची पाळी त्यानंतर येते. शिजवल्यावर जिचं मांस दोऱ्यासारखं सुटत नाही, पिठूळ होतं आणि कवचाला चिकटून राहतं, तिच्या बाबतीत हेच झालेलं असतं.

कुजणंही फार मागे नसतं. आपल्यासारखं रक्तवाहिन्यांचं बंद जाळं चिंबोरीत नाही. हृदयातून निघालेलं रक्त पुढे मोकळ्या पोकळीत येतं आणि अवयवांच्या भोवतीनं थेट खेळतं. खाडीच्या पाण्यातले जंतू तिच्या आतड्यात, कल्ल्यांत, थोडेफार रक्तातसुद्धा असतातच. जिवंतपणी रक्तातल्या पेशी त्यांना आवरून धरतात. जीव गेला की आवरणारं कोणी उरत नाही, आणि आतड्यातून नांगीच्या टोकापर्यंत जायला अडथळाही नसतो. त्यात खारट पाण्यात अंगातलं पाणी टिकून राहावं म्हणून या प्राण्यांच्या मांसात सुटी अमिनो आम्लं भरपूर साठवलेली असतात. चिंबोरी आणि कोळंबी गोड लागतात त्या बऱ्याचशा त्यांच्यामुळेच. मटणात जंतूंना आधी प्रथिनं फोडावी लागतात. इथे फोडलेला खुराक आयता मिळतो. मेलेल्या बोकडाच्या मांसात आम्ल तयार होऊन जंतूंना थोडा लगाम बसतो, तोही इथे सैल असतो. टोपलीत तासन्‌तास धडपडून मेलेल्या चिंबोरीच्या मांसातली साखर मरण्याआधीच संपलेली असते, मग आम्ल कशातून व्हायचं?

आता बांगडा. बांगडाही बिनबर्फाचा दुपारपर्यंत ठेवला तर खाण्याजोगा राहत नाही, पण त्याला वाचवायचे दोन मार्ग आपल्या हातात असतात. होडीवरच त्याला बर्फ लागतो, आणि त्याचं पोट साफ करता येतं. आतडी गेली की पाचकरस गेले. चिंबोरीचं पोट होडीवर कोण साफ करणार? पाठ काढली तर ती मरणारच. आणि न काढता मेली तर सगळं आतच राहतं, वरून जाड कवच, बर्फात टाकली तरी आतपर्यंत थंड व्हायला वेळ लागतो. म्हणून खाडीच्या चिंबोरीपुरता धंद्यातला एकच नियम आहे: पाठ काढायची वेळ येईपर्यंत ती जिवंत हवी.

तुमच्या दोन चिंबोऱ्या बंद डिकीत कधीतरी मेल्या. अलिबाग ते पुणे साडेतीन-चार तास धरा. उन्हात डिकी चाळीस अंशांच्या वर सहज जाते. पहिल्या तासात मेली असेल तर ती तीन तास त्या उकाड्यात पडून होती. अशा उबेत खाडीतले काही जंतू दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, म्हणजे तीन तासांत किती होतील याचा हिशेब करायलाच नको. शिजवल्यावर जंतू मरतात हे खरं. पण तोपर्यंत त्यांनी तयार केलेलं सगळंच उकळून जात नाही. खराब झालेल्या मासळीतला हिस्टामिन नावाचा पदार्थ कितीही उकळला तरी तसाच राहतो, आणि पुरळ, डोकेदुखी, उलट्या यांचा त्रास देऊ शकतो. त्यामुळे नियम सोपा ठेवा. डोळ्यांदेखत मेली, किंवा साफ करायला बर्फात घातली आणि तिथे मेली, तर लगेच पाठ काढा, कल्ले आणि पिवळा गर काढून टाका आणि शिजवा. कधी मेली ते सांगता येत नसेल तर टाका. वास घेऊन ठरवू म्हणाल तर बंद कवचातल्या चिंबोरीचा वास बाहेर येईपर्यंत आत बराच उशीर झालेला असतो.

आता बाजारात. पहिली गोष्ट, टोपलीत कुठली चिंबोरी आहे ते बघा. खाडीची, चिखलातली, हिरवट-काळपट, जाड डेंग्यांची चिंबोरी वेगळी, आणि समुद्रात जाळ्यात येणारी, पाठीवर तीन लालसर ठिपके असलेली वेगळी. खाडीच्या चिंबोरीला ओहोटीला चिखलात, बिळात बसायची सवय असते. कल्ले ओले राहिले तर ती पाण्याबाहेर दोन-तीन दिवस सहज काढते. म्हणूनच ती सुतळीने बांधून जिवंत विकता येते. ठिपकेवालीत तो चिवटपणा नाही. ती बाजारात बहुधा मेलेलीच, बर्फावर येते. तिला खाडीच्या चिंबोरीचा दर्जा देऊ नका आणि भावही देऊ नका. घ्यायचीच तर सकाळी, बर्फातली, आणि पोटावरची झडप उचलून वास घेऊनच. खाली मी सांगतो ते खाडीच्या चिंबोरीबद्दल.

जिवंत आहे की नाही यापेक्षा किती जिवंत आहे हे बघायचं असतं, कारण मरायला टेकलेली चिंबोरीही पाय हलवते. डेंगे बांधलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावरून काही कळत नाही. मी आधी डोळा बघतो. डोळ्याच्या देठाजवळ काडी नेली की तरतरीत चिंबोरी तो झटक्यात खोबणीत आडवा घेते. हळूहळू घेते किंवा अर्धाच घेते ती आजची रात्र काढणार नाही. मग पाठीकडून उचलायची आणि हवेत धरायची. चांगल्या चिंबोरीचे पाय अंगाजवळ ओढलेले किंवा काहीतरी शोधत फिरणारे असतात. पाय खाली लोंबत असतील तर ती ठेवून द्या, मावशी कितीही म्हणोत की "झोपलीय". शेवटचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. त्यातला एक अलगद मागे ओढून सोडला की तो परत जागेवर गेला पाहिजे. तोंडाशी थोडा फेस असतो, तो वाईट नाही, कल्ल्यांत पाणी आहे आणि ती श्वास घेते आहे याची ती खूण. तोंड अगदी कोरडं आणि तोंडाच्या झडपा स्थिर, हे मात्र वाईट. शेवटी ती उलटी करून तोंडाजवळ नाक न्या. चिखलाचा, खाडीचा वास आला पाहिजे. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे अमोनिया. चिंबोरी एरवी अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देते. पाण्याबाहेर फार वेळ राहिली की तो अंगात साठत जातो. वास यायला लागला की ती जिवंत असूनही तिचे दिवस भरलेत.

जिवंत असणं वेगळं आणि भरलेली असणं वेगळं. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त इथेच फसतं. चिंबोरी वाढते ती कात टाकून. जुनं कवच सोडून बाहेर आली की ती पाणी पिऊन फुगते, नवं कवच त्या मापावर कडक होतं, आणि मग काही आठवडे आत हळूहळू मांस भरत जातं. या मधल्या काळात पकडलेली चिंबोरी दिसायला मोठी, तुकतुकीत, छान असते आणि शिजवल्यावर आतून पाणी निघतं. तिला आम्ही पोकळ म्हणतो. ओळखायची जागा पोटाकडे आहे. उलटी करून, शेवटच्या पायांच्या मुळाजवळ, झडपेच्या बाजूच्या कवचावर अंगठा जोरात दाबा. भरलेली असेल तर तिथे दगडासारखं लागतं. पोकळ असेल तर कवच आत दबतं. नुसत्या दिसण्यावर जायचं तर उलट निवड करा. मळकट, घासलेली, पोटाकडे पिवळट-तांबूस डाग पडलेली, पाठीवर एखादा शिंपला चिकटलेली चिंबोरी घ्या, कारण तिचं कवच जुनं आहे आणि आत भरायला तिला वेळ मिळालेला आहे. डेंग्यांचे दात बोथट झालेले असणं हीही त्याचीच खूण. पोटाकडून पांढरीशुभ्र, स्वच्छ, टोकदार दातांची म्हणजे नुकतीच कात टाकलेली.

अमावास्येला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ, हे तुम्ही ऐकलं असेलच. आमच्याकडे तिथी बघूनच गिऱ्हाईक येतं आणि भावही त्याप्रमाणे वरखाली होतो. मी त्या वादात पडत नाही. अमावास्येच्या टोपलीतही पोकळ निघते आणि पौर्णिमेच्या टोपलीतही दगडासारखी कडक सापडते, कारण प्रत्येक चिंबोरीची कात टाकायची वेळ तिची तिची असते. तिथी विचारा, पण अंगठा दाबल्याशिवाय पैसे देऊ नका.

समजा तुमच्यासमोर दोन ठेवल्यात. एक नर आहे, साडेसहाशे ग्रॅमचा, मोठ्या डेंग्यांचा, पाठ चकचकीत. दुसरी मादी, चारशेची, पाठ मळकी. पोटावरची झडप अरुंद आणि टोकदार असेल तर नर, रुंद आणि अर्धगोल असेल तर पूर्ण वाढलेली मादी. नराचं पोट दाबलं तर थोडं दबतं, मादीचं अजिबात नाही. नर हातात घेतला तर आकाराच्या मानाने हलका लागतो. मी मादी घेईन, भाव जास्त असला तरी. नराच्या वजनात बरंच पाणी आहे, आणि त्यावर गुंडाळलेली ओली जाड सुतळीही त्याच वजनात आहे. सुतळीचा हिशेब पुष्कळजण सोडून देतात. लहान चिंबोरीला बोटाएवढी दोरी गुंडाळली असेल तर सोडवून वजन करायला सांगायला लाजू नका, किंवा मग तेवढा भाव कमी करून घ्या. मादीत लाख आहे का ते बघायचं तर झडपेच्या वरच्या टोकाशी, जिथे ती पाठीला मिळते, तिथे अंगठ्याने किंचित खाली दाबा. फटीतून केशरी दिसलं की लाख आहे. झडपेखाली बाहेरच अंड्यांचा भुरकट-केशरी गुच्छ लटकत असेल तर ती घेऊ नका. लाख अंगातून निघून गेलेली असते, आणि ती चिंबोरी खाडीत परत जायला हवी होती.

मग प्रवास. तुमच्या चिंबोऱ्या मेल्या त्या पिशवीमुळे. बंद प्लॅस्टिकमध्ये हवा संपते, अंगातून गळलेलं अमोनियाचं पाणी तळाशी साठतं आणि खालच्या दोघी त्यातच बसतात. वरून डिकीची उष्णता. पुढच्या वेळी गोणपाट घेऊन जा. ते शक्यतो खाडीच्याच पाण्यात भिजवून पिळून घ्या, नाहीतर मूठभर मीठ घातलेल्या पाण्यात. भोकं पाडलेल्या खोक्यात किंवा बांबूच्या टोपलीत पोट खाली ठेवून चिंबोऱ्या एका थरात लावा, वर ओलं गोणपाट टाका आणि टोपली गाडीत, एसीच्या गार हवेत ठेवा. सुतळी घरी पोचेपर्यंत सोडू नका, एकमेकींचे डेंगे तोडतात. बर्फ थेट अंगावर ठेवायचा नाही, गारठून मरतात. आणि घरी गेल्यावर बादलीभर पाण्यात सोडायचं नाही. हे बहुतेक घरांत मायेपोटी होतं. उभ्या पाण्यातला प्राणवायू सहा चिंबोऱ्या लवकरच संपवतात आणि बुडून मरतात. पाण्याबाहेर ओल्या गोणपाटाखाली त्या जास्त जगतात.

साफ करायच्या आधी बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ अशा गार पाण्यात त्यांना अर्धा तास ठेवा. त्या पूर्ण सुन्न होतात. मग उलटी करून झडप उचला आणि तिच्याखाली मधोमध टोकदार सुरी किंवा जाड दाभण खुपसा, मज्जातंतूंचा गड्डा तिथेच असतो. हा वेळ वाचवून जिवंत चिंबोरी सरळ उकळत्या पाण्यात टाकली की ती घाबरून पाय स्वतःच झाडून टाकते. त्या सांध्यांतून आत पाणी शिरतं आणि चव रश्शाऐवजी पातेल्यात जाते.

आता कोळंबी. ती मेलेली चालते, कारण चिंबोरीत जे जमत नाही ते तिच्यात जमतं. तिचीही पाचकग्रंथी असते, पण ती सगळी डोक्यात असते. आपण खातो ते मांस शेपटीकडे. दोघांमध्ये फक्त मान. अंग लहान आणि कवच पातळ, त्यामुळे बर्फात टाकली की काही मिनिटांत आतपर्यंत गार होते. गारठ्यात पाचकरसही मंदावतात आणि जंतूही. आपल्या उबदार पाण्यातल्या जंतूंना तर बर्फ फारच जड जातो. म्हणून जाळ्यातून निघाल्याबरोबर बर्फ लागलेली कोळंबी मेलेली असूनही ताजी असते, आणि बर्फाविना दोन तास डेकवर पडलेली कोळंबी नंतर कितीही बर्फात पुरली तरी ताजी होत नाही. बाजारात तुम्हाला शोधायचं असतं ते हेच, की बर्फ कधी लागला.

त्याचं उत्तर मानेत असतं. पाचकरस डोक्यातून बाहेर पडला की पहिल्यांदा मानेला लागून असलेल्या पहिल्या पेऱ्याला लागतो. वाट्यातली एक कोळंबी उचला, डोकं एका हातात, शेपूट दुसऱ्या हातात धरून हलकेच वाकवा. ताजी असेल तर डोकं घट्ट राहतं आणि अंग स्प्रिंगसारखं परत येतं. डोकं लुळं पडलं, मानेत फट दिसली, फटीतून तपकिरी पाणी आलं, तर रस शेपटीत उतरायला लागलाय. पहिलं पेरं बोटाने चेपलं आणि ते पुढच्या पेऱ्यांपेक्षा मऊ लागलं तरी तेच. ही परीक्षा वरच्या एका कोळंबीवर करू नका. वाट्याच्या वर नेहमी चांगली रचलेली असते. हात खाली घालून मधली आणि तळची अशी दोन-तीन घ्या.

काळ्या रंगाबद्दल मात्र गैरसमज आहे. कोळंबीच्या डोक्यावर, पेऱ्यांच्या कडांवर आणि पायांवर जी काळी रेघ येते ती कुजल्याची नसते. कापलेलं वांगं काळं पडतं त्याच प्रकारचं हे आहे: कोळंबीच्या अंगातलं एक द्रव्य हवा लागली की काळं होतं. अशी कोळंबी खाल्ली म्हणून काही होत नाही. पण काळं पडायला वेळ लागतो, म्हणून ते घड्याळासारखं वाचता येतं. फक्त डोक्यावर थोडं असेल आणि मान घट्ट असेल तर आजच घरी नेऊन आजच खा. पेऱ्यापेऱ्यावर असेल तर सोडा. उलट, काळं नाही म्हणजे ताजी, असंही समजू नका. काळं पडू नये म्हणून काही ठिकाणी कोळंबी सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुचकळतात. धंद्यात त्याला नुसतं पावडर म्हणतात. प्रमाणात वापरायला परवानगी आहे. कच्च्या कोळंबीच्या खाण्याजोग्या भागात किलोमागे १०० मिलिग्रॅम ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. पण पावडर फक्त काळेपणा थांबवते, पाचकरस नाही थांबवत आणि जंतूंचं कामही फारसं थांबत नाही. डोकं लुळं, मांस लिबलिबीत आणि तरीही कोळंबी काचेसारखी स्वच्छ दिसते, तेव्हा माझा संशय तिथे जातो. घरात कुणाला दमा असेल तर अशी कोळंबी टाळाच, त्या रसायनाने काहींना श्वासाचा त्रास होतो.

जिवंत कोळंबी अगदीच मिळत नाही असंही नाही. खाडीकाठी पहाटे सापळ्यातून काढलेली, किंवा तळ्यात वाढवलेल्या वेनामी जातीच्या कोळंबीची काढणी चालू असताना बांधावर गेलात तर उड्या मारणारी मिळते. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाजारात दिसणारी चांगली कोळंबी बहुतेक खाडीची नाहीतर तळ्यातलीच असते, आणि बाकीची शीतगृहातली. जिवंत मिळालीच तर ती पिशवीत तडफडत घरी आणू नका. तिथेच बर्फ आणि पाणी समसमान घेतलेल्या डब्यात टाका. लगेच मरते, धडपडत नाही आणि मांस कडक राहतं. अशा ताज्या कोळंबीत एखादी मऊ कवचाची निघते. तिने नुकतीच कात टाकलेली असते, मांस घट्ट असेल तर काही बिघडत नाही.

घरी आणताना किलोभर कोळंबीला किलोभर फोडलेला बर्फ हा हिशेब ठेवा, आणि वितळलेलं पाणी खाली निघून जाईल असं बघा. त्या पाण्यात तरंगत राहिली की चव पाण्यात उतरते. फ्रिजवर फार भरवसा ठेवू नका. घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, आणि बर्फाच्या शून्य अंशाच्या तुलनेत तिथे मासळी ढोबळमानाने दुपटीने लवकर बिघडते. लगेच करायची नसेल तर डोकी काढून, दोरा काढून, धुऊन निथळा आणि फ्रिजमध्येच बर्फाच्या थरावर ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. डोकं काढलं की पाचकरसाचं गाठोडंच बाहेर जातं, त्यामुळे हे काम घरी पोचल्या पोचल्या करायचं, संध्याकाळी नाही. डोकी टाकू नका, ताजी असतील तर त्यांचा सार छान होतो, पण तोही त्याच दिवशी.

चिंबोरी साठवायचीच असेल तर कच्ची फ्रीझरमध्ये टाकू नका. गोठताना पाचकग्रंथी फुटते आणि बाहेर काढून वितळेपर्यंत मांस पिठूळ होऊन बसतं. साफ करा, पिवळा गर पूर्ण धुऊन काढा, तुकडे दहा-बारा मिनिटं वाफवा, गार करून मग गोठवा. वाफेने पाचकरस निकामी झालेला असतो, महिनाभर निर्धास्त राहा. पावसाळ्यात ओढ्यातले, शेतातले मुठे आणलेत तर ते मात्र साठवायचे नाहीत आणि अर्धेकच्चे खायचे नाहीत. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतून फुफ्फुसात शिरणारा एक चपटा कृमी येऊ शकतो. तो पूर्ण शिजवल्यानेच मरतो, ठेचून पिळलेल्या कच्च्या रसात तो जिवंत राहतो. रस्सा करायचा तर ठेचून गाळल्यावर तो चांगला खळखळून उकळा, आणि ज्या पाट्यावर ठेचले तो कोशिंबिरीच्या भाज्यांपासून लांब ठेवा.